पैसे कटले, तिकीट नाही निघालं

परतवाड्याहून घटांगमार्गे धारणीकडे निघालं की सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागतं. मेळघाटातल्या या पट्ट्यात मोबाइलची रेंज गावागणिक नाही, उंबरठ्यागणिक बदलते. याच रस्त्यावर पुढे असलेल्या हरिसालचा २०१६ साली देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून बराच गाजावाजा झाला होता, पण डोंगराआड गेलेल्या सिग्नलला त्याचं काही सोयरसुतक नसतं. अशा ठिकाणाहून रेल्वेचं तिकीट काढताना एक तक्रार हमखास ऐकू येते: "भाऊ, पैसे तं कटले, पण तिकीट नाही निघालं." ही तक्रार मुंबई-पुण्यातही आहे. पण तिथे माणूस दोन मिनिटांत पुन्हा लॉगिन करून पाहू शकतो. सेमाडोहात पाहायलाच अर्धा दिवस जातो, आणि त्या अर्ध्या दिवसात तो नको ते करून बसतो.

एक उदाहरण धरून चालू. ते समजावण्यासाठी रचलेलं आहे, पण त्यातले टप्पे रोजचेच आहेत. बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५. सेमाडोहचा एक मुलगा आईवडिलांसाठी अमरावतीहून मुंबईला जाणाऱ्या १२११२ अमरावती एक्सप्रेसची स्लीपरची दोन तिकिटं काढतो आहे. प्रवास २० तारखेचा, रक्कम समजा ९४० रुपये. संध्याकाळी पावणेआठला त्याने आयआरसीटीसीच्या ॲपवर नावं भरली, यूपीआय निवडलं, पिन टाकला आणि स्क्रीनवर चकरी फिरू लागली. तेवढ्यात रेंज गेली. पाच-सात मिनिटांनी ती परत आली, तेव्हा बँकेचा एसएमएस येऊन पडला होता: खात्यातून ९४० रुपये वजा. तिकिटाचा मात्र पत्ता नाही. रेल्वेचं ॲप उघडलं तर ते पुन्हा लॉगिन मागतंय.

आता पुढचा तास महत्त्वाचा. घाबरलेला माणूस लगेच दुसऱ्यांदा तिकीट काढतो. रागावलेला माणूस इंटरनेटवर हेल्पलाइनचा नंबर शोधतो. दोन्हींत नुकसान होऊ शकतं. ते का, हे कळायला पिन टाकल्यानंतर पैसे कुठून कुठे जातात ते पाहावं लागेल.

पिन तुमच्या फोनातून निघून बँकेपर्यंत पोचला की पुढचं काम बहुतांशी तुमच्या फोनशिवाय चालतं. तुमची बँक रक्कम वजा करते. तो निरोप नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या म्हणजे एनपीसीआयच्या यंत्रणेतून विक्रेत्याच्या बँकेकडे जातो, तिथून पेमेंट गेटवेकडे आणि गेटवेकडून आयआरसीटीसीकडे. पैसे मिळाल्याचा निरोप पोचल्यावर आयआरसीटीसी रेल्वेच्या आरक्षण यंत्रणेकडे जागा मागते. जागा मिळाली की दहा अंकी पीएनआर तयार होतो आणि तेव्हा कुठे तिकीट निघतं. म्हणजे वाटेत चार-पाच सांधे आहेत, आणि निरोप त्यांपैकी कुठेही अडकू शकतो. तुमच्या फोनची रेंज पिन पोचल्यावर गेली असेल तर तेवढ्याने पैसे थांबत नाहीत, आणि तिकीटही थांबतंच असं नाही. कधी तिकीट निघालेलं असतं, फक्त ते दाखवणारं पान तुमच्यापर्यंत पोचलेलं नसतं. कधी पैसे वाटेतच अडकतात. आणि कधी पैसे विक्रेत्यापर्यंत व्यवस्थित पोचतात, पण तोवर बुकिंगची वेळ संपलेली असते किंवा जागा गेलेली असते.

म्हणून "माझे पैसे कुठे गेले" हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न: तिकीट निघालं आहे का? पैसे कुठेही अडकले असले तरी त्यांचा माग राहतो आणि ते आज ना उद्या मिळतात. पण निघालेलं तिकीट न पाहता दुसरं काढलं, तर एक रद्द करावं लागतं आणि रद्द करण्याचा आकार प्रत्येक प्रवाशामागे कापला जातो. तत्काळचं असेल तर आणखी वाईट, कारण कन्फर्म झालेलं तत्काळ तिकीट रद्द केलं तर परतावाच मिळत नाही.

तिकीट निघालं की नाही हे बँकेच्या एसएमएसवरून कळत नाही. तो फक्त खात्यातून रक्कम गेल्याचं सांगतो. तिकिटाचा पुरावा म्हणजे पीएनआर. आयआरसीटीसीत नोंदवलेल्या मोबाइलवर पीएनआर, गाडी, तारीख, डबा आणि बर्थ लिहिलेला एसएमएस येतो, ईमेलही येतो. पण रेंज अशी लपाछपी खेळत असेल तर एसएमएस तासभर उशिरा येऊ शकतो, म्हणून तो आला नाही एवढ्यावरून तिकीट नाही असं धरू नका. खात्रीची जागा एकच: आयआरसीटीसीत लॉगिन करून My Transactions मध्ये जाणं. तिथे Booked Ticket History आणि Failed Transaction History अशा दोन याद्या आहेत. पहिल्या यादीत तुमची गाडी आणि तारीख दिसली तर तिकीट आहे, मग पेमेंटच्या पानावर काहीही लाल अक्षरात आलेलं असो. दुसऱ्या यादीत व्यवहार दिसला तर तिकीट नाही, आणि पैसे परत यायच्या रांगेत लागले आहेत. दोन्हीकडे काहीच नसेल तर निरोप अजून वाटेत आहे असं समजा आणि थोडा वेळ थांबून पुन्हा पाहा. पाहताना तारखांची गल्लत करू नका: आपण बुकिंग १२ तारखेला केलं, प्रवास २० चा आहे.

सेमाडोहात डेटा चालतच नसेल, पण फोन लागत असेल, तर काय? आपला मुलगा-मुलगी, भाऊ कुणी अमरावतीला असेल तर त्याला आपल्या आयआरसीटीसी खात्यात लॉगिन करून या दोन याद्या पाहायला सांगा. रेल्वेच्या खात्याचा पासवर्ड घरातल्या माणसाला सांगणं वेगळं आणि यूपीआयचा पिन किंवा बँकेचा ओटीपी सांगणं वेगळं. हे दुसरं सख्ख्या भावालाही नको. पीएनआर हाती आला की डेटाची गरज संपते. मेसेजमध्ये PNR लिहून जागा सोडून तो दहा अंकी नंबर टाका आणि 139 वर एसएमएस पाठवा, तिकिटाची स्थिती परत येते. रेल्वेने पाठवलेला मूळ एसएमएस आणि सोबत ओळखपत्र असलं की प्रवासात कागदाची प्रत लागत नाही. खात्यात किती शिल्लक आहे हेही इंटरनेटशिवाय पाहता येतं: बँकेत नोंदवलेल्या मोबाइलवरून *99# फिरवलं की यादी येते, त्यात शिल्लक पाहण्याचा पर्याय असतो. मिस्ड कॉल देऊन शिल्लक कळवण्याची सोयही बऱ्याच बँका देतात, तो नंबर शाखेतून घेऊन ठेवावा.

आपल्या उदाहरणातल्या मुलाने अमरावतीच्या बहिणीला फोन केला. तिने पाहिलं. Booked Ticket History मध्ये काही नाही, Failed Transaction History मध्ये १२ नोव्हेंबरचा व्यवहार ९४० रुपयांसह दिसतो आहे. म्हणजे तिकीट नक्की नाही. आता, आणि आताच, दुसऱ्यांदा तिकीट काढायला हरकत नाही. अडकलेल्या पैशांची वाट पाहत बसलं तर जागा जातील. ते पैसे या बुकिंगला कधीच लागणार नाहीत. जुना व्यवहार मेला, त्यातून आता फक्त परतावा निघू शकतो. दुसरं पेमेंट मात्र रेंज धड असलेल्या ठिकाणावरून करा, नाहीतर अमरावतीच्या बहिणीलाच करू द्या.

आता पैशांकडे वळू. यूपीआयच्या ॲपमध्ये तो व्यवहार उघडा आणि दोन गोष्टी पाहा: स्थिती काय लिहिली आहे, आणि संदर्भ क्रमांक कोणता आहे. व्यवहाराच्या पानावर दोन-तीन लांबलचक क्रमांक असतात आणि लोक नेमका चुकीचा लिहून देतात. फोनपेवर T ने सुरू होणारा क्रमांक त्या कंपनीचा स्वतःचा असतो. बँकेला हवा असतो त्याच्या जवळच UTR म्हणून दिलेला बारा अंकी क्रमांक. गुगल पेवर तोच UPI transaction ID या नावाने दिसतो, आणि तिथला अक्षरं-अंक मिसळलेला दुसरा क्रमांक गुगलचा असतो. बँकेच्या एसएमएसमध्ये Refno किंवा अशाच नावापुढे हाच बारा अंकी क्रमांक येतो. ओळखायची एक सोपी खूण सांगतो: यात बहुतेकदा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो आणि पुढचे तीन अंक वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. १२ नोव्हेंबर हा २०२५ सालचा ३१६ वा दिवस, म्हणून क्रमांक 5316 ने सुरू होईल. तसं असेल तर तुम्ही बरोबर क्रमांक धरला आहे.

आता स्थिती. इथे दोन वाटा फुटतात, आणि बरेचसे सल्ले देणारे त्या एकच समजतात. ॲपमध्ये Pending किंवा Failed लिहिलं असेल आणि तरी खात्यातून रक्कम गेली असेल, तर पैसे विक्रेत्यापर्यंत पोचल्याची खात्रीच झालेली नाही. इथे रिझर्व्ह बँकेचा नियम थेट लागू होतो. २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने फसलेल्या व्यवहारांसाठी मुदती ठरवल्या आणि त्या १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू केल्या. यूपीआयने दुकानदाराला किंवा कंपनीला पैसे दिले, खात्यातून वजा झाले, पण समोरच्याकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. डेबिट किंवा क्रेडिट कार्डाने ऑनलाइन पैसे भरले असतील तरी पाच दिवस आणि १०० रुपये हाच हिशोब. एका माणसाने दुसऱ्या माणसाला यूपीआयने पैसे पाठवले असतील तर मात्र मुदत एकाच दिवसाची आहे. पाच दिवस हे कॅलेंडरचे दिवस आहेत, शनिवार-रविवार धरून. बँकेतला माणूस "सात वर्किंग डे" म्हणाला तर तो सवयीने म्हणतोय, नियमाने नाही. आणि ही भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता बँकेने स्वतःहून द्यायची आहे, असंही त्या परिपत्रकात स्पष्ट आहे. प्रत्यक्षात मागावी लागते ती गोष्ट वेगळी.

दुसरी वाट अशी. ॲपमध्ये Success दिसतंय, हिरवी खूण आहे, पैसे विक्रेत्याच्या बाजूला पोचले आहेत, फक्त तिकीट निघालं नाही. बँकेच्या दृष्टीने हा व्यवहार फसलेलाच नाही. तिथे जाऊन रोज १०० रुपये मागितले तर बँक म्हणेल, आम्ही पैसे पोचवले, तुम्ही विक्रेत्याला विचारा. आणि ते बरोबर असेल. इथे परतावा आयआरसीटीसीने पाठवायचा असतो. ती आपल्याकडे आलेले पैसे आणि निघालेली तिकिटं यांचा मेळ घालते, आणि ज्या पैशांना तिकीट नाही ती रक्कम सुविधा शुल्कासकट ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत पाठवते. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही. पण आठवडा उलटूनही रक्कम आली नाही तर आधी आयआरसीटीसीकडे जायचं, बँकेकडे नाही. त्यांचा नंबर 14646. सोबत Failed Transaction History मधला व्यवहार क्रमांक ठेवा. तिथे पीएनआर नसतोच, म्हणून तो क्रमांकच तुमची ओळख. परतावा पाठवला आहे असं त्यांनी सांगितलं तर परताव्याचा संदर्भ क्रमांक मागून घ्या. तो मूळ व्यवहाराच्या क्रमांकापेक्षा वेगळा असतो. तो बँकेत दाखवला की पैसे त्यांच्यापर्यंत आले आहेत का, हे त्यांना लगेच शोधता येतं. क्रमांक न घेता दोन्हीकडे फोन करत राहिलात तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील.

आपल्या मुलाच्या ॲपवर Pending होतं, दुसऱ्या दिवशी ते Failed झालं. म्हणजे पहिली वाट. व्यवहाराचा दिवस १२ नोव्हेंबर, बुधवार. पाच दिवस मोजले की १७ नोव्हेंबर, सोमवार येतो. मधला शनिवार-रविवार मोजलेला आहे. १७ तारखेपर्यंत त्याला काही करायची गरज नाही, फक्त ॲपमधल्या त्या पानाचा आणि बँकेच्या एसएमएसचा स्क्रीनशॉट जपून ठेवायचा. बहुतेक वेळा रक्कम याच काळात परत येते आणि तिचा एसएमएस येतोच असं नाही, म्हणून खात्याच्या नोंदी बघाव्यात. कित्येक तक्रारी अशा असतात की पैसे तिसऱ्याच दिवशी जमा झालेले असतात आणि शिल्लक न पाहता माणूस पंधरा दिवस चिडून असतो. १७ तारीख गेली आणि पैसे नाहीत, तर १८ पासून भरपाईचा हिशोब सुरू. रक्कम २७ नोव्हेंबरला आली असं धरलं तर उशीर दहा दिवसांचा, म्हणजे ९४० रुपयांवर १,००० रुपये भरपाई. मूळ रकमेपेक्षा भरपाई मोठी दिसते म्हणून संकोच करू नका. दंड दिवसाला आहे, रकमेला नाही.

तक्रार कुठे करायची? पहिली पायरी यूपीआयच्या ॲपमध्येच आहे. त्या व्यवहाराच्या पानावर मदतीचा किंवा तक्रारीचा पर्याय असतो, तिथून तक्रार नोंदवली की ती तुमच्या बँकेपर्यंत पोचते आणि तुम्हाला तक्रार क्रमांक मिळतो. सोबतच ज्या बँकेत खातं आहे तिच्या तक्रार विभागाला ईमेल करा किंवा शाखेत लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. बँकेला दिलेली तारीखवार तक्रार पुढे लागते, म्हणून फोनवर बोलून समाधान मानू नका. अर्ज लांब नको. इतकं पुरतं: "माझ्या खात्यातून १२ नोव्हेंबर २०२५ रोजी सायंकाळी ७.४५ च्या सुमारास आयआरसीटीसीला यूपीआयने ९४० रुपये वजा झाले. यूपीआय संदर्भ क्रमांक अमुक. व्यवहार अयशस्वी दिसतो व तिकीट निघालेले नाही. पाच दिवसांची मुदत १७ नोव्हेंबरला संपली असून रक्कम अद्याप जमा झालेली नाही. कृपया रक्कम परत करावी आणि रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार १८ नोव्हेंबरपासून दर दिवशी १०० रुपये भरपाई खात्यात जमा करावी." रेंज कशी गेली, आई किती आजारी आहे, शाखेतला साहेब कसा बोलला, हे काही लिहू नका. अर्ज वाचणारा फक्त क्रमांक आणि तारखा शोधत असतो.

मेळघाटात एक गुंता फार दिसतो, आणि शहरी सल्ल्यांत तो सापडत नाही. बरेच लोक तिकीट स्वतः काढत नाहीत. परतवाड्याला किंवा धारणीला सेवा केंद्रावर, नाहीतर ओळखीच्या दुकानदाराकडे रोख पैसे देतात आणि तो आपल्या खात्यातून पेमेंट करतो. अशा वेळी पेमेंट फसलं तर परतावा दुकानदाराच्या खात्यात येतो, तुमच्या नाही. बँक तक्रारही त्याचीच घेईल, कारण खातं त्याचं. तुम्ही बँकेत गेलात तर तुमच्या खात्यात काही नोंदच नसते आणि तुम्हाला खोटं ठरवलं जातं. म्हणून रोख देताना चिठ्ठीवर रक्कम, तारीख आणि गाडीचा क्रमांक लिहून घ्या. तिकीट निघालं नाही तर त्याच्याकडून व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक आणि Failed Transaction History चा फोटो मागून घ्या. प्रामाणिक माणूस तो लगेच दाखवेल. आणि चार दिवसांनी परतावा आला का, हे त्यालाच त्याच्या खात्यात पाहायला सांगता येतं. "पैसे अजून आलेच नाहीत" हे वाक्य त्या फोटोशिवाय तपासायचा दुसरा मार्ग तुमच्याकडे नाही. मित्राच्या फोनवरून पेमेंट केलं असेल तरी हाच न्याय.

इंटरनेटवर सापडणाऱ्या हेल्पलाइनबद्दलही इथेच सांगायला हवं. पैसे अडकलेला माणूस फसवणाऱ्यांना सगळ्यात सोपा, कारण तो स्वतःच फोन करतो. शोध घेतल्यावर वर येणारा मोबाइल नंबर रेल्वेचा किंवा बँकेचा असेलच असं नाही. पलीकडचा गोड बोलतो, तुमचं तिकीट कोणतं तेही विचारतो, मग एखादं ॲप उतरवून स्क्रीन दाखवायला सांगतो किंवा "परतावा घ्यायला" यूपीआयचा पिन टाकायला लावतो. पिन लागतो तो पैसे द्यायला. पैसे येताना कधीच लागत नाही. नंबर घ्यायचा तो बँकेच्या पासबुकावरून, कार्डाच्या मागून किंवा ॲपच्या आतून. असं काही होऊन बसलंच तर त्याच घटकेला 1930 वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. ही वाट फसवणुकीची आहे. फसलेल्या पेमेंटसाठी तिथे जाऊ नका, काही होणार नाही.

सेमाडोहला येणाऱ्या पर्यटकांचीही हीच कथा असते, फक्त तिकिटाच्या जागी सफारीचा परवाना किंवा पर्यटन संकुलातली खोली असते, आणि एसटीच्या ऑनलाइन आरक्षणाचंही तसंच. क्रम तोच: आधी त्या साइटवर आपल्या लॉगिनमध्ये बुकिंग आहे का पाहा, बुकिंग क्रमांक नसेल तर बुकिंग नाही. गेटवर उभ्या असलेल्या वनरक्षकाकडे फक्त निघालेल्या परवान्यांची यादी असते. बँकेचा एसएमएस दाखवून त्याच्याशी वाद घातला तर सकाळची फेरी जाते आणि पैसे तरीही तिथून मिळत नाहीत. गाडीतल्या टीसीचंही असंच. पैसे वजा झाल्याचा मेसेज हे तिकीट नाही. पीएनआरशिवाय बसलात तर भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड भरावा लागतो, आणि अडकलेले पैसे परत यायचे तेव्हाच येतात.

राहिली शेवटची पायरी. बँकेला लेखी तक्रार देऊन तीस दिवस झाले आणि उत्तर नाही, किंवा उत्तर आलं पण पटण्यासारखं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. cms.rbi.org.in वर तक्रार भरायची, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. चौकशीसाठी 14448 हा नंबर आहे. बँकेला दिलेल्या तक्रारीची प्रत आणि तारीख तिथे मागतात. ती नसेल तर तक्रार पहिल्याच पायरीवर परत जाते, म्हणून वर शिक्क्याचा आग्रह धरला. पण लोकपाल बँका आणि पेमेंट कंपन्यांसाठी आहे, रेल्वेसाठी नाही. तुमची वाट दुसरी असेल, म्हणजे यूपीआय यशस्वी आहे आणि पैसे तिकीट विकणाऱ्याकडे अडकले आहेत, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायची आणि त्यानेही भागलं नाही तर अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं.